ताऱ्याच्या टोकांची बेरीज: अट नको तिथे, सूट नको तिथे

“ताऱ्याला टोकं कितीही असोत, टोकांच्या कोनांची बेरीज १८० अंशच येते. फक्त तारा नियमित हवा, वाकडातिकडा काढला की नियम मोडतो.”

आधी नियमितपणाची अट पाहू. पाच टोकांच्या ताऱ्याला तिची गरजच नाही. कागदावर ओळीने फिरत अ, ब, क, ड, इ अशी टोकं हवी तशी तिरपी मांडा आणि एकाआड एक जोडा. बइ ही रेघ अक ला प मध्ये आणि अड ला फ मध्ये छेदते. आता अपफ हा चिमुकला त्रिकोण बघा. त्याचा प पाशी असलेला कोन हा पकइ या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे, म्हणजे तो क आणि इ या टोकांच्या बेरजेइतका. तसाच फ पाशी असलेला कोन ब आणि ड यांच्या बेरजेइतका. उरलेला कोन अ. पाचही टोकं एकाच त्रिकोणात गोळा झाली, म्हणून १८०. लांबी सारखी असण्याचा प्रश्न कुठे आलाच नाही. नियमित ताऱ्यात प्रत्येकी ३६ अंश येतात, एवढाच काय तो फरक.

मात्र “टोकं कितीही” हे साफ चूक. सहा टोकांचा नेहमीचा तारा म्हणजे एकमेकांवर ठेवलेले दोन त्रिकोण, तेव्हा बेरीज ३६०. सात टोकांचे तर दोन तारे निघतात. पेन्सिल रेघेवरून चालवा: प्रत्येक टोकाशी ती १८० वजा टोकाचा कोन इतकी वळते आणि सुरुवातीला परत येईपर्यंत पूर्ण फेऱ्या घेते. एकाआड एक टोकं जोडली तर दोन फेऱ्या होतात, म्हणून बेरीज सात गुणिले १८० वजा ७२०, म्हणजे ५४०. दोन टोकं सोडून तिसरं जोडलं तर तीन फेऱ्या, आणि तेव्हा १८०. बहुधा हाच तारा पाहून कोणीतरी “कितीही” म्हणून मोकळं झालं असावं.

वाकडेपणाने नियम मोडतो हेही अगदीच खोटं नाही, पण मोडतो तो वेगळ्याच जागी. नियमित ताऱ्याचं अ हे टोक सरळ खाली, आत ढकला. ते मधल्या पंचकोनात शिरून ८० अंशांचं झालं, तरी क आणि ड प्रत्येकी १४ अंशांवर येतात, ब आणि इ ३६ वरच राहतात, बेरीज १८०. कइ आणि बड जिथे छेदतात त्या बिंदूवर अ पोहोचला की क आणि ड शून्य होतात. त्याखाली गेलात की ते दोन कोन उलट्या बाजूला उघडतात. अ १४० असताना ते प्रत्येकी १६ होतात आणि बेरीज २४४ भरते. तेच दोन उणे धरले तर पुन्हा १८०!

शोभेसाठी कापलेल्या जाडजूड पाकळ्यांच्या ताऱ्याला यातलं काहीच लागू नाही. तिथे एका टोकाची कड सरळ दुसऱ्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे पाचही टोकं ६० अंशांची ठेवून बेरीज ३०० करता येते. कोनमापक लावण्याआधी कडेवर पट्टी ठेवून पाहा.