१२८ का, ११३ का नाही? पावसानंतरच्या टार्गेटबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

«तुमचा डकवर्थ-लुईसवरचा लेख वाचला, पटला नाही. आमच्या परभणीकडच्या स्पर्धेत समोरच्यांनी २० ओव्हरमध्ये १५० केले. आम्ही १० ओव्हरला ६ बाद ७०, तेवढ्यात पाऊस आला. ५ ओव्हर कापल्या. साडेसातच्या रनरेटने १५ ओव्हरचे ११३ होतात, शेंबड्या पोरालाही कळतं. पंचांनी मोबाईलवर तक्ता बघून १२८ सांगितले. ओव्हर आमच्या गेल्या आणि दंडही आम्हालाच? बंद करा ही पद्धत, सरळ रनरेट लावा.»

भाऊ, तुमच्या पंचांनी सांगितलेला आकडा बरोबर आहे. तो कसा निघाला हे मैदानावर तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही, ही मात्र चूक झाली. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पाऊस यायच्या आधी सामना कुठे होता ते आधी बघा. ६० चेंडूंत ८१ हवे होते आणि हातात चारच विकेट होत्या. एकेक विकेट जपत दहा ओव्हर काढायच्या आणि वर आठच्या गतीने मारायचंही, अशी ती अवस्था. आता तुमचा रनरेट लावू. ३० चेंडूंत ४३ हवेत आणि विकेट त्याच चार, पण त्या आता निम्म्याच चेंडूंना पुरवायच्या. म्हणजे प्रत्येक चेंडूवर बिनधास्त बॅट फिरवायची मोकळीक. हातातून निसटत चाललेला सामना केवळ पावसाने तुमच्याकडे झुकला असता. समोरच्या टीमने काय चूक केली होती? १२८ म्हणजे पाच ओव्हरमध्ये ५८, अवघडच. पण पावसाआधीही अवघडच होतं. पावसाने सामन्याचं पारडं फिरवू नये, एवढंच या पद्धतीला साधायचं असतं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे लवकर पटेल. कृषिपंपाला आठ तास वीज असते, पण विहिरीत पाणीच दोन तासांचं असेल, तर तीन तास वीज गेल्याने भिजवणीत फारसा फरक पडत नाही. विहीर काठोकाठ असेल, तर तेच तीन तास जिवावर येतात. ओव्हर म्हणजे वीज, विकेट म्हणजे पाणी. रनरेट फक्त वीज मोजतो.

फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्लिश संख्याशास्त्रज्ञांनी या दोन्हींचा मिळून एक आकडा केला. किती ओव्हर उरल्या आणि किती विकेट गेल्या, यावरून टीमकडे किती टक्के ‘रिसोर्स’ शिल्लक आहे ते तक्त्यात वाचायचं. ५० ओव्हर आणि दहाही विकेट हातात म्हणजे १००. तुमचा सामना २० ओव्हरचा, म्हणून दोन्ही टीमची सुरुवात ५६.६ वर. १० ओव्हर उरल्या आणि ६ बाद असतील तर तक्ता २२.८ दाखवतो. ५ उरल्या आणि ६ बाद असतील तर १४.३. पावसाने तुमचं नुकसान या दोन आकड्यांतल्या फरकाएवढं, म्हणजे ८.५. तेवढं ५६.६ मधून वजा केलं की तुमच्या वाट्याला ४८.१ आले. समोरच्यांनी ५६.६ मध्ये १५० केले, तर ४८.१ मध्ये किती? १५० × ४८.१ ÷ ५६.६ = १२७.४७. अपूर्णांक सोडून १२७ वर बरोबरी, जिंकायला १२८.

आता धावा त्याच ७०, पण तुमचे दोनच बाद असते असं धरू. तक्त्यात ३०.८ आणि १६.८, नुकसान १४. तुमच्याकडे ४२.६ उरतात आणि टार्गेट येतं ११३. तुम्ही रनरेटने काढलेला आकडाच! एकही बाद नसता, तर १११ वरच भागलं असतं. म्हणजे रनरेटने निघालेला आकडा तुमच्यासारख्या टीमला नव्हे, आठ विकेट राखून असलेल्या टीमला शोभणारा आहे. आणि तुमची सहावी विकेट पावसाआधी पडली नसती, पाचच बाद असते, तर टार्गेट १२२ झालं असतं. त्या एका विकेटने सहा धावा वाढवल्या. ढग भरून आले की आपल्याकडची पोरं ‘पावसाआधी मारून घेऊ’ म्हणत उंच फटके मारतात. पाठलाग करताना त्यात विकेट गेली, तर ती अशी महागात पडते.

रनरेट बंद का झाला, तर याच कारणाने: पाठलाग करणाऱ्याला तो फार सोयीचा पडायचा. त्याला पर्याय म्हणून १९९२ च्या वर्ल्डकपमध्ये पहिल्या टीमच्या सर्वांत कमी धावांच्या ओव्हर वगळायचा नियम आणला. तो उलट्या बाजूला इतका कलला, की सिडनीच्या सेमीफायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हवे असताना पाऊस आला आणि परतल्यावर १ चेंडूत २१ हवे होते. दोन ओव्हर गेल्या, टार्गेट फक्त एकाने कमी झालं. डकवर्थ-लुईसने तिथे शेवटच्या चेंडूवर जिंकायला ५ धावा मागितल्या असत्या.

तुमच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. तक्त्याला विकेट दिसते, माणूस दिसत नाही. ६ बाद असताना क्रीजवर जम बसलेला ओपनर आहे की दोन बॉलर, हे त्याला कळत नाही. तुमचा चांगला बॅट्समन नाबाद असेल, तर १२८ तुमच्यावर थोडे जडच. शिवाय हा तक्ता ५० ओव्हरच्या सामन्यांवरून बेतलेला आहे. पहिल्या टीमने फारच मोठा स्कोअर केला की हाताने करायचा हा साधा हिशोब नीट बसत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत म्हणूनच कॉम्प्युटरवरची सुधारित आवृत्ती वापरतात. पुढे स्टीव्हन स्टर्न यांनी तिच्यात बदल केले आणि नावात तिसरं अक्षर आलं, डीएलएस. पण २० ओव्हरला १५० हा काही अवाढव्य स्कोअर नव्हे.

पुढच्या वेळी आकडा स्वतः तपासा. स्कोअररकडून तीन गोष्टी घ्या: खेळ थांबला तेव्हा किती ओव्हर उरल्या होत्या, किती बाद होते, आणि परत सुरू झाला तेव्हा किती ओव्हर उरल्या. हमखास होणारी चूक म्हणजे २० ओव्हरच्या सामन्याचीही सुरुवात १०० वर धरणं. तसं केलं असतं तर तुम्हाला १३८ सांगितले असते. तेव्हा भांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क होता.

आणि बरोबरीचा आकडा वेगळा, जिंकायचा वेगळा, हे दोन्ही आकडे बोर्डावर लिहून घ्या. ३ मार्च २००३ ला डर्बनमध्ये दक्षिण आफ्रिका श्रीलंकेच्या २६८ चा पाठलाग करत असताना पाऊस सुरू झाला होता आणि मार्क बाउचरपर्यंत २२९ हा आकडा पोहोचला होता. त्याने मुरलीधरनला षटकार मारून २२९ गाठले आणि ४५ व्या ओव्हरचा शेवटचा चेंडू शांतपणे अडवला. पुढे खेळ झालाच नाही. २२९ ही बरोबरी होती, जिंकायला २३० हवे होते. घरच्या मैदानावर चाललेल्या वर्ल्डकपमधून दक्षिण आफ्रिका त्या एका धावेने बाहेर पडली.