चिमणीचा आवाज मोठा आहे, म्हणून ओढ चांगली आहे असं नव्हे

"चिमणीचे फिल्टर सारखे धुवायची काही गरज नाही. बॅफल फिल्टरमध्ये तेल साठतच नाही, ते आपोआप वाटीत गळतं. मोटरचा आवाज दणदणीत येतोय म्हणजे ओढ पूर्ण आहे. वर्षातून एकदा जाळी असो की बॅफल, मोठ्या पातेल्यात कॉस्टिक सोडा टाकून उकळा, दहा मिनिटांत नव्यासारखे. कॉस्टिक नको असेल तर खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओता, फेस सगळं तेल ओढून काढतो. पुसून लगेच लावा. सर्वांना पाठवा."

हा मेसेज मला चार-पाच ठिकाणांहून आला आणि दर वेळी मी तो पुसून टाकला. चौदा वर्षं स्वयंपाकघरातल्या चिमण्या बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतोय, असले उपाय रोज कानावर पडतात. पण मागच्या आठवड्यात तो माझ्या ताईकडे पोचला आणि तिने तो खरा मानला. तिच्या चिमणीला ॲल्युमिनियमच्या दोन जाळ्या आहेत. पातेल्यात एका वेळी एकच मावत होती, एवढंच नशीब. थोड्या वेळाने तिचा फोन आला. "अरे, पाणी काळं झालंय, सारखं फसफसतंय, डोळे चुरचुरतायत. अजून उकळू का?" मी म्हटलं, "आधी गॅस बंद कर, खिडकी उघड आणि बाहेर हो. पातेल्याला हात लावू नकोस."

म्हणून सुरुवात कॉस्टिकपासूनच करतो. ॲल्युमिनियमवर हवेमुळे एक पातळ थर तयार झालेला असतो, तोच त्या धातूचं रक्षण करतो. कॉस्टिक सोडा हा थर विरघळवतो आणि मग खाली उघडा पडलेला धातूच खायला लागतो. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. ताईला दिसत होती ती फसफस तेल निघाल्याची नव्हती, जाळी विरघळत असल्याची होती. हायड्रोजन पेट घेतो आणि मेसेज सांगतोय की हे पातेलं पेटत्या शेगडीवर ठेवा! शिवाय या क्रियेत उष्णता निघते, पाणी उसळतं आणि बुडबुडे फुटताना कॉस्टिकचे बारीक तुषार हवेत उडतात. डोळे चुरचुरत होते ते त्यामुळे. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. असं काही झालंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा. वर व्हिनेगर ओतून कॉस्टिक मारायला जाऊ नका.

पातेलं पूर्ण थंड झाल्यावर मी जाळी काढली. चौकट काळी-करडी पडली होती. जाळीच्या तारा मुळातच केसासारख्या बारीक, त्यामुळे कॉस्टिकला खायला पृष्ठभाग भरपूर मिळतो. कोपऱ्यात बोटाने जरा दाबलं तर तारा तुटून हातात आल्या. अशी जाळी परत लावायची नाही. तिचे तुकडे पंख्यात जातात किंवा खाली कढईत पडतात.

बॅफल म्हणजे जाळीऐवजी वाकड्या पट्ट्यांचा फिल्टर. तो स्टेनलेस स्टीलचा असेल तर कॉस्टिकने तो असा विरघळत नाही आणि तेल निघतं, एवढं अर्धसत्य मी मान्य करतो. पण आपला फिल्टर स्टीलचाच आहे हे कशावरून ठरवणार? लोक लोहचुंबक लावून बघतात. चुंबक चिकटला तर ते ॲल्युमिनियम नाही हे नक्की. पण नाही चिकटला तर काहीच कळत नाही, कारण स्टेनलेसचे काही प्रकारही चुंबकाला दाद देत नाहीत. वजनाने अंदाज येतो. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं. तरीही दांडा किंवा खटका वेगळ्या धातूचा असू शकतो. घरात कॉस्टिक आणायची गरजच नाही, स्टीलच्या बॅफलला धुण्याचा सोडा पुरतो. जाळीला मात्र तोही नको, ॲल्युमिनियम त्यानेसुद्धा काळं पडतं.

आता आवाजाचं. या एका समजुतीमुळे लोक वर्षानुवर्षं फसतात. व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना नळीच्या तोंडावर तळहात ठेवून बघा. आवाज बसत नाही, उलट चढतो, बारीक होतो. चिमणीतही तेच होतं. आतला पंखा हवा ढकलण्याचं काम करतो. फिल्टर तुंबला की त्याच्यापर्यंत हवाच कमी पोचते, त्याच्यावरचा भार हलका होतो आणि तो जरा जास्तच सुसाट फिरतो. म्हणजे ओढ कमी होते तेव्हा चिमणी गप्प बसत नाही, सूर चढवून चालत राहते आणि आपल्याला वाटतं की मशीन जोरात आहे.

ही घट हळूहळू होते, म्हणून लक्षात येत नाही. जाळीची भोकं अर्धी बुजली, तर तेवढीच हवा खेचायला उरलेल्या भोकांतून ती दुप्पट वेगाने जावी लागते आणि त्यासाठी ढोबळ हिशेबाने चौपट दाब लागतो. घरगुती पंख्याकडे एवढा दाब नसतो, मग तो कमी हवेवर भागवतो. त्यात फिल्टरच्या चौकटीभोवती फट असेल तर हवा तिथून वाट काढते. ती हवा गाळलेली नसते, तिच्यातलं तेल थेट पंख्याच्या पात्यांवर बसतं. पाती एका बाजूने जड झाली की चिमणी थरथरायला लागते. ती थरथर ऐकू येते तेव्हा लोक मला बोलावतात, तोवर उशीर झालेला असतो. त्याच्या खूप आधीची खूण म्हणजे बटण. पूर्वी एक नंबरवर भागायचं, आता नकळत तीनवर बोट जातं. ताईकडे हेच झालं होतं. तिचं म्हणणं होतं, "मशीन जुनं झालं."

बॅफलबद्दल मेसेज अर्धवट खरं सांगतो. बॅफलमध्ये हवेला वाकड्यातिकड्या पट्ट्यांमधून एकदम वळण घ्यावं लागतं. तेलाचे थेंब जड, त्यांना वळता येत नाही, ते पट्टीवर आपटून चिकटतात. जाळीसारखी बारीक भोकं नसल्यामुळे बॅफल लवकर तुंबत नाही. पण चिकटलेलं तेल खाली ओघळायला उतार लागतो. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं ९६ क्रमांकाचं मानक व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी आहे. त्यात वेगळी चाचणी झालेली नसेल तर साध्या जाळीला परवानगीच नाही. फिल्टर आडव्या पातळीपासून किमान ४५ अंशांच्या कलाने बसवायचा आणि त्याच्या खालच्या कडेला तेल झेलणारं ताट ठेवायचं, असंही ते सांगतं. आता आपल्या चिमणीकडे मान वर करून बघा. घरगुती चिमण्यांमध्ये अनेकदा बॅफल जवळजवळ आडवाच बसवलेला असतो. तेल कुठून गळणार? ते पट्ट्यांच्या वळणात बसतं आणि फटी अरुंद करत जातं. वाटी कोरडी आणि बॅफल चिकट असेल तर समजायचं की तेल वर अडकलंय. वाटीत तेल नाही म्हणून फिल्टर स्वच्छ, हा हिशेब इथेच चुकतो.

वर्षातून एकदा हा सल्ला तेलाच्या स्वभावामुळेच चालत नाही. ताजं तेल पातळ असतं, साबणाने निघतं. पण हवा आणि उष्णता लागून ते हळूहळू घट्ट होतं, आधी चिकट, मग पिवळट-तपकिरी वार्निशसारखं. तैलरंगातलं जवसाचं तेल असंच वाळतं. त्या अवस्थेला पोचलेलं तेल साबणाला जुमानत नाही आणि मग लोक कॉस्टिककडे वळतात. रोज स्वयंपाक होत असेल तर जाळी दोन-तीन आठवड्यांनी आणि बॅफल महिन्याने धुवावा. तळण जास्त असेल तर त्याआधी.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की दोघं एकमेकांना मारतात. एक मोठा चमचा सोडा सुमारे २०० मिली साध्या व्हिनेगरची आंबटाई संपवतो. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, मागे उरतं जवळजवळ निव्वळ खारट पाणी. त्यात तेल काढायचा गुण नाही.

ताईची दुसरी जाळी वाचली होती, ती आम्ही नीट धुतली. धुण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर ४१० ग्रॅम भरली. चिमणीचा मुख्य स्विच बंद केला. जाळी बसेल अशा प्लास्टिकच्या पसरट टबात, हाताला सहन होणार नाही इतकं गरम पण उकळतं नाही, असं पाणी घेतलं, साधारण ६० अंशांचं. सात-आठ लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे तीन मोठे चमचे. जाळी आडवी बुडवून अर्धा तास ठेवली, मध्ये एकदा उलटली. पाणी पिवळं आणि तवंगाने जाड झालं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि तोच तवंग जाळीवर परत बसतो. आम्ही ते पाणी फेकून दुसरं तसंच गरम पाणी आणि लिक्विड घेतलं. आतल्या थरांतलं तेल या दुसऱ्या पाण्यात सुटलं. मऊ ब्रशने हलकेच थोपटलं, घासलं नाही, कारण तारा दाबल्या की भोकं कायमची बंद होतात. मग पंख्याकडची बाजू वर धरून वरून पाणी सोडलं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत बाहेर गेली. शेवटी खिडकीसमोर धरली. मधून उजेड येत होता, पण एका कोपऱ्यात अंधार होता, म्हणून तेवढा भाग पुन्हा बुडवला.

स्टीलचा बॅफल असता तर त्याच पाण्यात धुण्याच्या सोड्याचे दोन-तीन मोठे चमचे टाकले असते आणि हातमोजे घातले असते. स्टीलला तारेची घासणी किंवा ब्लीच लावू नका. घासणीने ओरखडे पडतात, ब्लीचने बारीक खड्डे, आणि पुढचं तेल तिथेच घट्ट धरतं.

पुसून लगेच लावायचं तर मुळीच नाही. जाळीच्या थरांमध्ये आणि बॅफलच्या पोकळ कडांमध्ये पाणी राहतं. चिमणी चालू केली की ते मोटरकडे ओढलं जातं किंवा खाली गरम तेलात ठिबकतं. ताईची जाळी आम्ही रात्रभर उभी ठेवली. सकाळी कोरडी जाळी काट्यावर ३४५ ग्रॅम भरली. म्हणजे ६५ ग्रॅम तेल त्या तारांमध्ये बसलं होतं.

काळ्या पडलेल्या जाळीच्या जागी नवी आणली आणि दोन्ही बसवल्या. एक नंबरवर चिमणी चालू करून ताईने टिश्यूचा कागद जाळीला टेकवला आणि हात काढला. मध्यभागी चिकटून राहिला, चारही कडांना लावून बघितला, तिथेही राहिला. आवाजही आधीपेक्षा जाडसर आणि खाली आला होता. ताई म्हणाली, "हिचा आवाज कमी झाला की रे." हो, आता तिला पुरेशी हवा मिळतेय.