कर्ण ‘आपोआप’ येत नाही: सर्वांत मोठ्या चौरसाचं अर्धवट सूत्र

«० आणि १ च्या मॅट्रिक्समध्ये १ चा सर्वांत मोठा चौरस काढायला तीन शेजारी कशाला? वरचा आणि डावीकडचा बघा, लहान घ्या, एक मिळवा. कर्णाचं घर त्यातच आपोआप येतं. कर्ण टाकला की एकच ओळ साठवून भागतं. उत्तर शेवटच्या कोपऱ्यात मिळतं. आयतालाही हेच सूत्र. लीटकोडचे नमुने पास होतात, स्वतः करून बघा!»

हा सल्ला करून बघितला. नमुने खरंच पास होतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे. मुलाखतीची तयारी करणाऱ्या भाचीने हे सूत्र वहीत उतरवून घेतलं, म्हणून हा खटाटोप. पूर्ण सूत्र असं: घरात 1 असेल तर वरचा, डावीकडचा आणि कर्णावरचा, म्हणजे एक ओळ वर आणि एक स्तंभ डावीकडे असलेला, या तिघांतला सर्वांत लहान आकडा घ्या आणि एक मिळवा; येतो तो आकडा म्हणजे त्या घरात संपणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू.

लीटकोडवरचा हा प्रश्न क्रमांक 221. त्याच्या दुसऱ्या नमुन्यात दोन बाय दोनचं मॅट्रिक्स आहे: वरच्या ओळीत 0 1, खालच्या ओळीत 1 0. उत्तर 1. आता शेवटचं 0 पुसून तिथे 1 लिहा.

```
0 1
1 1
```

शेवटच्या घरासाठी वर 1, डावीकडे 1, म्हणून अर्धवट सूत्र म्हणतं 2, म्हणजे क्षेत्रफळ 4. चार घरांचा चौरस, आणि त्यातलं एक घर उघड उघड 0! खरं उत्तर 1. नमुन्यातलं एक घर बदललं की सूत्र कोसळतं.

पहिला नमुना मोठा आहे, चार ओळी आणि पाच स्तंभ:

```
1 0 1 0 0
1 0 1 1 1
1 1 1 1 1
1 0 0 1 0
```

इथे तर सूत्र चुकतं आणि तरीही पास होतं. तिसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घराला ते 2 देतं, पण त्या घराच्या कर्णावर, दुसऱ्या ओळीच्या दुसऱ्या घरात, 0 बसलेलं आहे, म्हणून तिथे 1 हवं. ही चूक लपते, कारण शेजारच्याच घरात खराखुरा 2 बाजूचा चौरस संपतो आणि एकूण उत्तर 4 च राहतं. म्हणून फक्त शेवटचं उत्तर जुळवून थांबू नये, सगळी सारणी छापून बघावी.

चूक किती फुगते ते या पायऱ्यांवर दिसतं:

```
0 0 0 1
0 0 1 1
0 1 1 1
1 1 1 1
```

कर्णाशिवाय भरत गेलं, तर दुसऱ्या ओळीच्या शेवटी 2 येतात, तिसऱ्या ओळीच्या शेवटी 3 आणि चौथीच्या शेवटी 4. म्हणजे क्षेत्रफळ 16. संपूर्ण मॅट्रिक्समध्ये 1 आहेत दहा! दहा एककांतून सोळाचा चौरस निघाला. कर्ण धरून भरलं तर शेवटच्या ओळीत 1, 1, 2, 2 येतात, सर्वांत मोठी बाजू 2 आणि क्षेत्रफळ 4.

असं का होतं? वरच्या आणि डावीकडच्या घराचा किमान घेऊन एक मिळवणारं सूत्र चौरस मोजतच नाही. ते काटकोन त्रिकोण मोजतं: काटकोन या घरात, एक बाजू वर गेलेली, दुसरी डावीकडे, आणि कर्णरेषेपलीकडचं काहीच तपासलेलं नाही. वरच्या पायऱ्यांत नेमका तसा 4 बाजूचा त्रिकोण आहे. त्रिकोण हवा असेल तर सूत्र उत्तम आहे.

आता नाइलाजाने एक कबूल करायला हवं. कर्णाची गरज वाटते तितक्या वेळा पडत नाही. वरच्या आणि डावीकडच्या चौरसांपैकी लहान बाजू k धरा. डावीकडचा चौरस आणि वरचा चौरस एकत्र केले, त्यात ओळ i आणि स्तंभ j मधलं आपलं घर मिळवलं, की k+1 बाजूच्या चौरसातलं फक्त एक घर उघडं राहतं: वरचा डावा कोपरा, (i-k, j-k). दोन्ही आकडे वेगळे असतील, तर मोठा चौरस त्या कोपऱ्यालाही पोटात घेतो आणि कर्ण बघून काही बदलत नाही. दोन्ही सारखे असतील तेव्हाच तो कोपरा लटकतो, आणि कर्णाचा आकडा तेवढ्याचसाठी लागतो. «त्यातच येतं» हे म्हणून अर्धं खरं. उरलेल्या अर्ध्यात 16 आणि 4 चा फरक आहे.

जागेचा मुद्दा तर उलटाच आहे. एक ओळ ठेवायला कर्ण टाकावा लागत नाही, एक जास्तीचा चल ठेवावा लागतो. m ओळी आणि n स्तंभ असतील तर प्रत्येक घर एकदाच बघितलं जातं आणि साठवण n+1 आकड्यांची:

```python
def largest_square(a):
    n = len(a[0])
    dp = [0] * (n + 1)
    best = 0
    for row in a:
        diag = 0
        for j in range(1, n + 1):
            up = dp[j]
            if row[j - 1] == "1":
                dp[j] = 1 + min(up, dp[j - 1], diag)
                best = max(best, dp[j])
            else:
                dp[j] = 0
            diag = up
    return best * best
```

`dp[j]` वर नवा आकडा लिहिण्याआधी जुना `up` मध्ये उचलून ठेवायचा, आणि घर संपल्यावर तोच `diag` मध्ये टाकायचा. इथे एक गंमतशीर खड्डा आहे. शेवटी `diag = up` ऐवजी `diag = dp[j]` लिहिलं, तर पुढच्या घराला `diag` म्हणजे डावीकडचाच आकडा मिळतो. तीन नावं दिसतात, पण शेजारी दोनच, आणि तोच त्रिकोण परत येतो. पायऱ्यांचं मॅट्रिक्स चालवून 16 आलं, तर आधी ही ओळ बघा. `else` विसरलात, तर वरच्या ओळीचा शिळा आकडा 0 च्या घरात तसाच राहतो आणि पुढच्या घरांना खोटा शेजारी मिळतो. ओळीच्या सुरुवातीचं `diag = 0` मात्र दुसऱ्या ओळीपासून चुकून राहिलं तरी बिघडत नाही, कारण `dp[0]` कायम 0 असल्याने पहिल्या घरात किमान 0 च निघतो.

उत्तर शेवटच्या कोपऱ्यात असतं हे तर पहिला नमुनाच खोडतो: त्याच्या शेवटच्या घरात 0 आहे आणि उत्तर 4. प्रत्येक घराचा आकडा फक्त त्या घरात संपणाऱ्या चौरसाचा असतो, म्हणून `best` वेगळा जपायचा.

आयताचं म्हणाल तर `1 1 1` अशी एकच ओळ घ्या. सूत्र सगळीकडे 1 देतं, आयत तीन घरांचा आहे. आयताला सहसा प्रत्येक स्तंभातली सलग एककांची उंची आणि स्टॅक वापरतात. तो वेगळा प्रश्न आहे.

आणि 221 मध्ये घरांत अक्षरं असतात, संख्या नव्हे. `"1"` ऐवजी `1` शी तुलना केलीत, तर पायथॉन तक्रार न करता प्रत्येक वेळी 0 परत करेल.