म्हैस घेताय? मग वही घरीच ठेवा

गेल्या आठवड्यात नागपूरजवळच्या एका जनावरांच्या बाजारात एका म्हशीचा सौदा चालला होता. "पंधरा लिटरची आहे भाऊ, १ लाख ३५ हजार. आत्ता तुमच्यासमोर पिळून दाखवतो." त्यावर मी फक्त एवढंच म्हटलं, की संध्याकाळची आणि उद्या सकाळची धार पाहू, मग भावाचं बोलू. दलाल हसला. ते एक वेळ समजू शकतं, त्याचा धंदाच तो आहे. पण बाजूला उभे असलेले गिऱ्हाईकही हसले, आणि त्यातल्या एकाने दुपारपर्यंत तीच म्हैस सोडवून नेली. तेव्हा गिऱ्हाइकांना काय आवडतं ते कळलं. पुढचा सल्ला त्यांच्याच आवडीचा आहे.

बाजारात सकाळी दहाच्या सुमारास जा आणि एकच धार पाहा. त्या म्हशीला आदल्या दुपारनंतर पिळलेलं नसतं, पण तो विषय काढू नका. कास तुंबून तट्ट झालेली असेल, सडं बाहेरच्या अंगाला ताणलेली असतील, एखाद्या सडातून आपोआप थेंबही गळत असेल. हे सगळं दुधाळपणाचं लक्षण समजा. बादलीत साडेसात लिटर दिसलं की लगेच दुप्पट करा, झाले पंधरा. साडेसात लिटर हे बारा तासांचं दूध आहे की अठरा तासांचं, असले प्रश्न चिकट लोकांना पडतात. फेस बसायची वाट पाहू नका. बादली काट्यावर ठेवायला सांगू नका, दलालाचं मन दुखावतं.

पिळून झाल्यावर कासेला हात तर अजिबात लावू नका. चांगली कास रिकामी झाली की सैल पडते आणि तिची कातडी घड्या पडून हातात येते. पिळल्यावरही ती तशीच गच्च राहिली, तर एकतर ती मांसल आहे किंवा आत दगडी रोगाची सुरुवात आहे. चारही सडांच्या पहिल्या धारा वेगवेगळ्या काळ्या ताटलीत काढल्या, तर गाठी किंवा पाणचटपणा लगेच दिसतो. म्हणून ताटली नेऊ नका.

पारडू तिचंच आहे का, हे पाहू नका. सहा महिन्यांपूर्वी व्यालेल्या म्हशीशेजारी आठ दिवसांची वगार बांधली की ती आपोआप "ताजी व्यालेली" होते. वगार सोडल्यावर म्हैस तिला हुंगते की लाथ झाडते, ते पाहण्यात उगाच वेळ जातो.

जातीसाठी दलालाच्या शब्दावर विसंबा. अंगाला तेल चोळलेलं, काळं कुळकुळीत, शिंगं जरा वळलेली, की ती मुऱ्हाच. खऱ्या मुऱ्हाची शिंगं आखूड आणि घट्ट पिळाची असतात, हे विसरा. आणि आपल्याकडची नागपुरी, म्हणजे पाठीमागे खांद्यापर्यंत गेलेल्या लांब, तलवारीसारख्या चपट्या शिंगांची म्हैस दिसली, तर नाक मुरडून पुढे जा. एका वेताला तिचं दूध साधारण ७०० ते १,२०० लिटर, तर चांगल्या मुऱ्हाचं दीड-दोन हजारांच्या वर. नागपुरीचं फॅट सातच्या वर जातं, ती घरच्या कुटारावर आणि चराईवर भागवते आणि मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तग धरते, या गोष्टी कोणी काढल्या तर विषय बदला. म्हशीची कातडी काळी आणि घाम कमी, त्यामुळे डुंबायला किंवा अंगावर मारायला पाणी नसेल तर उन्हाळ्यात दूध उतरतं. त्या दिवसांत माजाची लक्षणंही दबून राहतात, माज हुकतो आणि पुढचं वेत लांबतं. पण गोठ्यात मुऱ्हा असली म्हणजे गावात मान असतो, ते महत्त्वाचं.

आता हिशेब. दलालाचा हिशेब फार सोपा आहे. पंधरा लिटर गुणिले ६० रुपये, रोजचे ९००. महिन्याचे २७ हजार. पाच महिन्यांत १ लाख ३५ हजार वसूल, त्यानंतर म्हैस फुकट. हा हिशेब तोंडपाठ करा आणि घरी गेल्यावर घरच्यांनाही ऐकवा. म्हैस पाच महिने काही खात नाही, पाचही महिने पहिल्या दिवसाइतकंच दूध देते आणि कधी भाकड होत नाही, असं गृहीत धरलं की तो बरोबर येतो.

ती बाजारातलीच म्हैस घ्या. समजा तिचं खरं दूध दोन वेळचं मिळून ११ लिटर निघालं, आणि ती व्यायला दीड-दोन महिने झाले आहेत. म्हणजे हे तिचं सर्वात जास्तीचं दूध, इथून पुढे ते उतरतच जाणार. तीनशे दिवसांच्या वेतात सरासरी त्या आकड्याच्या ६० ते ६५ टक्के पडते. ७ लिटर धरा. झालं २,१०० लिटर, त्यातलं शंभरेक पारडू आणि घरचा चहा. विकायला २,००० लिटर, ६० रुपयांनी १ लाख २० हजार. इथपर्यंत दलालाचीही हरकत नसेल.

मग ती खाणार. अंग टिकवायला रोज दीड किलो ढेप-चुनी आणि प्रत्येक दोन लिटर दुधामागे आणखी एक किलो. सात लिटरच्या सरासरीला एकूण ५ किलो. मिश्रण ३५ रुपये किलो धरलं तर १७५ रुपये. सहा किलो कडबा-कुटार ८ रुपयांनी ४८, पंधरा किलो हिरवा चारा ३ रुपयांनी ४५. रोजचे २६८, तीनशे दिवसांचे ८०,४००. (भाव तुमच्या गावचे घाला. मिश्रण किलोमागे पाच रुपयांनी चढलं की नुसत्या या म्हशीमागे वेताला साडेसात हजार वाढतात.) त्यानंतर ती आटते. म्हशीच्या दोन वेतांत पंधरा महिने सहज जातात, म्हणजे दीडशे दिवस दुधाचा थेंब नाही आणि खाणं मात्र रोजचे १४० रुपये, एकूण २१ हजार. डॉक्टर, रेतन, जंतनाशक, क्षार मिश्रण यांना ६ हजार. सगळा खर्च १ लाख ७ हजार ४००. शिल्लक १२,६००, पंधरा महिन्यांत, आणि त्यात तुमच्या रोजच्या राबण्याची मजुरी एक रुपयाही धरलेली नाही.

या म्हशीला किती द्यावे? तीन वेतं ठेवून शेवटी ६० हजाराला विकली असं माना. ६० हजार अधिक तीनदा १२,६००, म्हणजे ९७,८००. एवढे दिले तर तुम्ही फुकट राबून बरोबरीत सुटता. मजुरीचं काहीतरी पदरात पडावं आणि एखादं वेत लांबलं तर झळ बसू नये, असं वाटत असेल तर ८५ ते ९० हजारांत थांबा. त्या गिऱ्हाइकाने १ लाख ३५ हजार मोजले.

आणि ती म्हैस खरोखर पंधरा लिटरची असती तर? याच रीतीने वेताची शिल्लक ४४,४०० येते आणि किंमत १ लाख ९३ हजारांपर्यंत परवडते. पंधरा लिटरची म्हैस १ लाख ३५ हजाराला मिळणं म्हणजे जॅकपॉटच. असा जॅकपॉट दलाल दावणीवरून सोडून उन्हात ओरडत तुमच्यासाठी का आणेल, हे मात्र कोणी विचारत नाही!

लिटरमागे भाव लावणारे तर आणखी पुढचे. "लिटरमागे ९ हजार रेट चालू आहे." मग सहा लिटरची म्हैस ५४ हजाराला स्वस्त वाटते. हिशेब मांडा. सरासरी ३.८ लिटर, विक्री ६२,४००, आणि तोच चारा-ढेप विकत घेऊन खर्च ९०,६००. वेताला २८ हजारांचं नुकसान, म्हणजे ती कोणी फुकट बांधून दिली तरी महागच. पहिले काही लिटर म्हशीचं पोट भरण्यातच जातात, नफा त्यांच्या वरच्या लिटरांत असतो. म्हणून सरसकट लिटरचा रेट नसतो रे बाप्पा, नसतो! सहा लिटरची म्हैस परवडते ती घरचं कुटार आणि चराई असलेल्याला. शहराच्या कडेला सगळं विकत आणून गोठा चालवणाऱ्याला नाही.

गाईला हाच हिशेब लावा, फक्त ढेप अडीच लिटरमागे एक किलो धरा, दुधाचा भाव कमी धरा, दोन वेतांतलं अंतरही कमी धरा. आणि शेवटची विक्री शून्य धरा. भाकड गाय आज कोण घेतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आता सरळच बोलायचं तर दलालापेक्षा राग तुमचाच येतो. कर्ज काढून जनावर घेता आणि एक रात्र थांबायचा कंटाळा करता. संध्याकाळी जाऊन समोर कास पूर्ण रिकामी करून घ्यायची, ते दूध मोजायचंच नाही, मग पुढची सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन धारा बादलीचं वजन वजा करून काट्यावर घ्यायच्या. यात अवघड काय आहे? तुम्ही दहा जण एका धारेवर पैसे मोजता, म्हणून अकराव्याने दुसरी धार मागितली की त्याला वेड्यात काढतात. शिवाय तुम्ही लावून ठेवलेला भावच पुढच्या बाजारी सगळ्यांना सांगितला जातो. इसार द्यायच्या आधी चिठ्ठीवर लिहून मागा, "दोन वेळचं ११ लिटर, आठ दिवसांत कमी भरल्यास म्हैस परत." दलालाने सही केली तर पुढचं बोला. नाही केली तर पैसे खिशात ठेवा आणि परतीची गाडी पकडा, आणि जाताना त्याला पंधरा लिटरचं काय झालं हे चारचौघांत मोठ्याने विचारा.