सेमी-पॅसिव्ह एसएमपीएस आणि अकोल्याचा मे महिना: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "पंखा बंद ठेवणाऱ्या पॉवर सप्लायची एवढी तारीफ वाचून हसू आलं. अकोल्यात मे महिन्यात घरातच ३८ अंश असतात. त्यात पंखा बंद ठेवायचा म्हणजे कॅपॅसिटर शिजवायचे. आणि गेम सुरू केला की ग्राफिक्स कार्ड ओरडतंच ना? मग सप्लायचं आयुष्य कमी करून मिळवलं काय?"

उत्तर:

सेमी-पॅसिव्ह एसएमपीएस म्हणजे पीसीचा असा पॉवर सप्लाय, जो कमी लोडला आपला पंखा बंद ठेवतो; खाली ‘मोड’ म्हटलंय ते यालाच. तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. मात्र ते नेमकं कुठे लागू होतं, हे पाहायला थोडा हिशेब मांडावा लागेल.

कार्यक्षमतेत गोल्ड दर्जाचा ७५० वॅटचा सप्लाय घेऊ. ब्राउझर, मेल, एखादा व्हिडिओ एवढंच चालू असेल तेव्हा पूर्ण पीसी त्यातून साधारण ७० वॅट घेतो. इतक्या कमी लोडला कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे भिंतीतून ८२ वॅट येतात आणि १२ वॅट सप्लायच्या पोटात उष्णता म्हणून उरतात. गेम खेळताना लोड ४०० वॅट आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर उष्णता ४४ वॅट होते. पंखा बंद राहतो तो पहिल्या वेळी. दुसऱ्या वेळी तो फिरतोच, हा मोड चालू असो वा नसो. त्यामुळे ‘पंखा बंद म्हणजे कॅपॅसिटर शिजले’ हे समीकरण इतकं सरळ नाही. पंखा थांबतो तेव्हा काढून टाकायची उष्णताही जवळपास चौथाई असते. शिवाय कॅपॅसिटर त्याच्यातून सतत ये-जा करणाऱ्या करंटने, म्हणजे रिपल करंटनेही तापतो आणि कमी लोडला तो करंटही कमी असतो.

आता आयुष्य. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर '१०५ अंश, २००० तास' असं काहीतरी रेटिंग असतं, चांगल्या मालिकांत ५००० तास किंवा जास्त. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. समजा हलक्या कामात पंखा चालू असताना कॅपॅसिटर ५५ अंशांवर राहतो आणि बंद असताना ६५ वर. २००० तासांचा साधा कॅपॅसिटर धरला तरी ५५ ला ६४,००० तास येतात आणि ६५ ला ३२,०००. आयुष्य निम्मं झालं, हे खरंच. पण रोज सहा तास वापर असेल तर ३२,००० तास म्हणजे १४ वर्षांहून जास्त. तोवर तुमचा मदरबोर्ड दोनदा बदललेला असेल. (आणि आयुष्य 'संपलं' म्हणजे कॅपॅसिटर फुटला असं नव्हे. त्याची क्षमता किंवा अंतर्गत रोध ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, एवढाच त्याचा अर्थ.)

तुमची भीती खरी ठरते ती मधल्या लोडला. काही सप्लाय पंखा कधी सुरू करायचा हे मुख्यतः लोड बघून ठरवतात, काही आतल्या तापमानावर. लोड बघणाऱ्याचा उंबरठा ४० टक्के असेल, तर ७५० वॅटच्या सप्लायला ३०० वॅटपर्यंत पंखा बंदच. ३०० वॅटला ९१ टक्के कार्यक्षमता धरली तरी ३० वॅट उष्णता आत साचते आणि वारा शून्य. व्हिडिओ रेंडर किंवा हलका गेम तासन् तास चालला, खोली ३८ अंशांची असली आणि कॅपॅसिटर ८५ पर्यंत चढला, तर त्याच २००० तासांच्या कॅपॅसिटरचं आयुष्य ८,००० तासांवर येतं. रोज सहा तास धरले तर चार वर्षंही पुरी होत नाहीत. तापमानावर चालणारा सप्लाय मात्र गरम खोलीत पंखा आपोआप लवकर सुरू करतो, म्हणून विदर्भासाठी घेताना हा फरक बघून घ्यावा. पंख्याचा आलेख बघताना तो कोणत्या खोलीच्या तापमानाला काढलाय हेही पाहा. तिथे २५ अंश लिहिलेलं असेल तर तो तुमच्या मे महिन्याचा आलेख नाही.

कॉर्सेअरच्या आरएमएक्स आणि सीसॉनिकच्या फोकस जीएक्स या मालिकांत हा मोड आहे, आणि दोन्हींवर १० वर्षांची वॉरंटी मिळते. मोड मुळातच घातक असता तर कंपन्यांनी एवढी जबाबदारी घेतली नसती. मात्र ती वॉरंटी अख्ख्या बाजाराचा हिशेब करून दिलेली असते, तुमच्या खोलीचा नव्हे.

खुद्द पंख्याचं काय? बंद असताना बेअरिंग झिजत नाही आणि धूळही कमी ओढली जाते. वारंवार सुरू-बंद होण्याचा थोडा ताण असतो, विशेषतः साध्या स्लीव्ह बेअरिंगवर. पण एकूण फिरण्याचे तास कमी झाल्याचा फायदा त्याहून मोठा, असं माझं मत.

आवाजाबद्दल तुम्ही जे म्हणता ते मी आणखी पुढे नेतो. ग्राफिक्स कार्डचे पंखे ३२ डेसिबल आवाज करत असतील आणि सप्लायचा पंखा २२, तर सप्लायमुळे एकूण आवाज अर्ध्या डेसिबलनेही वाढत नाही. डोक्यावर छताचा पंखा पाचवर असेल तर विषयच संपला. हा मोड कानाला कळतो तो एसी बंद केलेल्या रात्री, हिवाळ्यात, किंवा माइकसमोर रेकॉर्डिंग करताना. त्यातही एक खोच आहे: ६०० आरपीएमवर एकसारखा फिरणारा पंखा कान विसरतो, पण दर दोन मिनिटांनी जागा होऊन परत झोपणारा पंखा कान विसरू देत नाही. सुरू होण्याचं आणि थांबण्याचं तापमान यांत पुरेसं अंतर ठेवलेलं नसलं की असं होतं. तुमचा सप्लाय असा वागत असेल तर मोड बंद करणंच बरं. पंख्याच्या आवाजाखाली दडलेली कॉइल व्हाईन, म्हणजे आतल्या कॉइलचा बारीक किणकिणाटही शांततेत उघडा पडतो आणि लोकांना वाटतं सप्लाय बिघडला.

तर तुमच्यासाठी: मागे हायब्रिड किंवा तत्सम स्विच असेल तर मार्च ते जून तो मोड बंद ठेवा, जुलैपासून चालू करा. सप्लाय खाली बसवला असेल आणि त्याच्यावर बंद झाकण नसेल, तर पंख्याची बाजू वर ठेवल्यास गरम हवा निदान स्वतःहून वर जाऊ शकते. पंखा खाली असेल तर कॅबिनेटच्या पायांखाली मोकळी जागा आणि स्वच्छ जाळी हवीच.

आणि एक गोष्ट या मोडमध्ये खरोखर फसवी आहे: पंखा मेला तरी महिनोन् महिने कळत नाही, कारण तो थांबलेला दिसणं नेहमीचंच असतं. अधूनमधून मोड बंद करून पीसी सुरू करा आणि जाळीतून टॉर्च मारून बघा. पाती फिरताना दिसली पाहिजेत. स्विच नसेल तर अर्धा तास जड गेम चालवून मागच्या जाळीवर हात धरा. हवा गरम लागतेय पण झोत नाही, असं असेल तर वॉरंटीत द्या. स्वतः उघडू नका, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर वायर काढल्यावरही ३०० व्होल्टहून जास्त दाब उरलेला असू शकतो.