पेंडिंग रजेची काळजी कशाला करता?

20 डिसेंबर उजाडला, नाशिकच्या थंडीत स्वेटर निघाले, की लीव्ह पोर्टल उघडा आणि स्क्रीनशॉट काढा. काढताना वरची `As on 30-Nov` ही ओळ नीट कापून टाका. तारीख असली की उगाच प्रश्न पडतात. मग `Balance` खालचा ठळक आकडा बघा आणि अंबडच्या टपरीवर सगळ्यांना दाखवा.

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राने नेमकं हेच केलं. त्याच्या ईएल, म्हणजे अर्जित रजेच्या रांगेत Opening 38, Accrued 16.5, Availed 9, Pending 4 आणि Balance 45.5 असं होतं. खाली सीएलचे 3 दिवस उरलेले. त्याने ते मिळवून 48.5 केले. तुम्हीही मिळवा! सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, 31 डिसेंबरला बुडते, पुढे जात नाही आणि तिचे पैसेही मिळत नाहीत, असल्या क्षुल्लक गोष्टींनी बेरीज कशाला बिघडवायची?

काही किरकिरे लोक मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसतात.

```
38 + 16.5 - 9 = 45.5
```

म्हणजे पोर्टलने पेंडिंगचे 4 वजाच केलेले नाहीत, हे त्यांच्या लक्षात येतं. डिसेंबरचे दीड दिवस जमा व्हायचेत, तेही ते मिळवतात. झाले 47. कोकणात जायची 28 ते 31 डिसेंबरची रजा मंजूर झाली तर उरतात 43, आणि ते सगळे पुढच्या वर्षात जातात. नामंजूर झाली तर 47 राहतात. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात ईएल साठवायची मर्यादा 45 दिवसांची. वरचे 2 दिवस बुडतात. पण 15 दिवस आधी अर्ज करूनही रजा नाकारली असेल, तर त्या वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. मित्राचा अर्ज 8 डिसेंबरचा, म्हणजे मुदतीतला. कंपनी मूळ पगाराला 26 ने भागते की 30 ने, हेही हे लोक पॉलिसीत शोधतात. 26,000 मूळ पगारावर 2 दिवसांचे एकीकडे 2,000, दुसरीकडे 1,733. एवढ्यासाठी कोण वाचत बसणार?

तर तुम्ही साहेबांना मुळीच मेल करू नका. 'मंजूर की नामंजूर, कृपया कळवावे' असं लेखी विचारणं किती उद्धट दिसतं! साहेब कॅन्टीनमध्ये 'बघतो रे' म्हणालेत ना, तेवढं पुरे. मित्रानेही तेवढ्यावरच भागवलं. 1 जानेवारीला त्याचा अर्ज पोर्टलवर `Auto-cancelled` दिसत होता. नाकारल्याची नोंद कुठेच नव्हती, शिल्लक बरोबर 45. एचआरने विचारलं, "पण रजा नाकारली कोणी?"

त्याने कापलेला स्क्रीनशॉट दाखवला.