तीन आणि सहाच्या निमित्ताने: एका प्रतिक्रियेला उत्तर

लग्न, परीक्षा अशा कामांसाठी अंकशास्त्राने तारीख कशी निवडावी यावर मी एक पोस्ट लिहिली होती. ३ आणि ६ हे शत्रू अंक आहेत असं त्यात म्हटलं होतं, आणि बेरीज ५ धरून २९-११-२०२५ ही तारीख सुचवली होती. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया: «३ आणि ६ शत्रू म्हणता, पण ज्या पाश्चात्य अंकज्योतिषी कीरोचा तुम्ही उठसूट दाखला देता त्याच्याकडे ३-६-९ एकाच गटातले. शक १९४८ धरलं तर सगळ्याच बेरजा बदलतात, त्याचं काय? बोर्डाच्या परीक्षेची तारीख कोण निवडतं? आणि २९-११-२०२५ ची बेरीज ५ नाही, ४ येते. साधी बेरीज जमत नसेल त्याने लोकांच्या लग्नात ढवळाढवळ करू नये.»

सर, बेरीज चुकली. २२ च्या जागी २३ धरले गेले, मान्य. घाईत होतं असं. बोर्डाच्या परीक्षेचंही मान्य, ती तारीख आपल्या हातात नसते. लायसन्सच्या चाचणीसारखं जिथे स्लॉट निवडता येतो तिथपुरतंच ते समजावं.

पण «ढवळाढवळ»? हा शब्द मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. मी कुणाच्या दारात जाऊन तारखा वाटत नाही. लोक फोन करतात, मुलामुलीच्या जन्मतारखा सांगतात, मी सांगतो. आजवर एक रुपया घेतलेला नाही. एकदा एका वधूपित्याने हापूसची पेटी पाठवली होती, तीही निम्मी शेजारी वाटली. याला ढवळाढवळ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग मुलगी दाखवायला आणणाऱ्या मावशीलाही तेच म्हणा. वयाने मोठे असाल असं तुमच्या भाषेवरून वाटलं होतं. आता खात्री नाही.

आणि मी या वाटेला का लागलो तेही ऐका. माझं स्वतःचं लग्न १७ तारखेला झालं. १ आणि ७, आठ, म्हणजे शनी. तेव्हा घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं. पहिली पंगत बसली आणि लाईट गेली. वाढप्याने अंधारात अंदाजाने मठ्ठा ओतला तो माझ्या सासऱ्यांच्या जिलबीवर. ते अजून विसरलेले नाहीत. तुम्ही म्हणाल, लाईट काय कुठल्याही तारखेला जाते. जात असेल. त्या दिवशी गेली एवढं मला माहीत आहे.

आता ३ आणि ६. कीरो ३, ६, ९ एकत्र धरतो हे मला तुमच्याकडून कळायची गरज नव्हती. आपल्याकडे आकड्यामागे ग्रह पाहतात: ३ चा गुरू, ६ चा शुक्र. एक देवांचा गुरू, दुसरा दैत्यांचा. त्यांचं पटत नाही म्हणून आपण ३-६ टाळतो. ९ मंगळाचा, तो मात्र दोघांनाही चालतो असं मी धरतो. दोन पद्धती आहेत, एक निवडायची आणि तिच्याशी प्रामाणिक राहायचं.

या मे महिन्यातलं माझ्या भाचीचं लग्नच घ्या. तिचा जन्म २१ चा, तारखेच्या आकड्यांची बेरीज म्हणजे मूलांक ३. मुलाचा १५ चा, मूलांक ६. म्हणजे भांडण घरातच! २०२६ ची बेरीज १०, म्हणजे १. त्यात मे चे ५ मिळवले की ६. म्हणजे मे महिन्यात दिवसाचा जो मूलांक असेल त्यात ६ मिळवायचे, झाली पूर्ण तारखेची बेरीज. मला आधी बेरीज ९ हवी होती. त्यासाठी दिवसाचा मूलांक ३ लागतो: ३, १२, २१, ३०. पण मग दिवस मुलीच्या बाजूचा आणि मुलाच्या ६ शी थेट टक्कर. मग उलटं केलं: दिवस ९ चा घेतला. ९, १८, २७. बेरीज येते ६. मूलांक दोघांना चालणारा, बेरीज मुलाची. भाचीच्या ३ ला ती बोचते, हे मी तिला सांगितलं होतं. पण माझ्या हिशोबात दिवसाचा मूलांक आधी, बेरीज नंतर. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागत होता, म्हणजे १८ आणि २७ आपोआप बाद. राहिली एकच तारीख, ९ मे, शनिवार. गुरुजींनी त्या दिवशीची वेळ काढून दिली. कार्यालय मात्र आम्हाला हवं ते मिळालं नाही, पंखे करकरत होते. लाईट गेली नाही.

शकाबद्दल एवढंच: जन्मदाखला, आधार, कार्यालयाची पावती, सगळीकडे कोणती तारीख लिहिता? तीच मी घेतो. यावर वाद घालायचा तर वेगळा लेख लिहा, तुमच्या ब्लॉगवर.

२९ नोव्हेंबरबद्दल तीन जणांनी निरोप पाठवलेत. ४ राहूचा आणि तो मी एरवी टाळायला सांगतो, हे खरं. पण २९ चा मूलांक २ येतो, चंद्राचा, आणि मूलांक आधी हे वर म्हटलंच आहे. पोस्टमधली बेरीज दुरुस्त केली आहे. शिफारस तशीच ठेवली आहे.